रेझ्युमेतली विशेषणे आणि कामाचा पुरावा

रेझ्युमेमध्ये साधारणपणे दोन प्रकारची वाक्ये आढळतात. पहिल्या प्रकारात उमेदवार स्वतःविषयीचे मत नोंदवतो: उत्तम संवादकौशल्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार घेण्याची वृत्ती. दुसऱ्या प्रकारात त्याच्या हातून घडलेले काम येते: कोणता अहवाल कोणासाठी लिहिला, कोणती अडचण हाती घेतली, ती कशी सुटली आणि नंतर काय टिकले. पहिल्या प्रकारचे वाक्य काहीही न करता लिहिता येते. ते खोटे असेलच असे नाही, पण ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी त्यात काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात माणूस, वस्तू, काळ आणि परिणाम यांचे धागे असतात आणि ते धरून पुढे विचारता येते.

हा भेद निवडप्रक्रियेच्या अभ्यासात जुना आहे. पॉल वर्निमाँट आणि जॉन कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये असे मांडले की, भावी कामाचा अंदाज बांधताना उमेदवाराच्या अंगी असलेल्या गुणांची दूरची लक्षणे शोधण्यापेक्षा त्याच प्रकारच्या वर्तनाचे नमुने पाहावेत. पुढे १९८४ मध्ये लीएटा हफ यांनी वकिलांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी एक पद्धत विकसित केली. त्यात प्रत्येक गुणासाठी उमेदवाराने स्वतःची एक कामगिरी लिहायची, नेमके काय केले ते सांगायचे आणि त्याला दुजोरा देऊ शकेल अशा व्यक्तीचे नावही द्यायचे. प्रशिक्षित परीक्षक आधी ठरवलेल्या मोजपट्टीवर त्या नोंदींना गुण देत. या गुणांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आढळला. साध्या रेझ्युमेत इतकी शिस्त नसते, पण वाचणाऱ्याने तीच शिस्त पाळली तर रेझ्युमेतूनही बरेच काही कळते.

विशेषणांवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. स्वतःची स्तुती करण्याची सवय सगळ्यांना सारखी नसते. क्रिस्टिन एक्सली आणि जड केसलर यांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की, चाचणीत सारखीच कामगिरी केलेल्या स्त्रिया आणि पुरुष यांना स्वतःच्या कामगिरीचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा स्त्रियांनी स्वतःला कमी गुण दिले. म्हणजे विशेषणांवरून निवड करणारा माणूस नकळत स्वतःविषयी मोठ्याने बोलणाऱ्यांना झुकते माप देतो, आणि त्याचा कामाशी संबंध असतोच असे नाही.

एक पद, दोन रेझ्युमे

हे वाचन प्रत्यक्षात कसे होते हे पाहण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या अनुभवातले उदाहरण घेता येईल. चाकण परिसरात दुचाकीच्या ब्रेकसाठी ॲल्युमिनियमचे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याला तीन ते पाच वर्षांचा अनुभव असलेला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. काम तीन बाजूंचे आहे. ग्राहक कंपनीकडून तक्रार आली की कारण शोधून उत्तर लिहायचे, मशीन शॉपमधल्या ऑपरेटरकडून तपासणीची शिस्त पाळून घ्यायची, आणि एकदा झालेली चूक पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था लावायची.

पहिल्या उमेदवाराचा रेझ्युमे असा आहे: ‘उत्तम संवादकौशल्य, स्वयंप्रेरित आणि जबाबदार. क्वालिटी विभागाची सर्व जबाबदारी सांभाळली. ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या. रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी करण्यात मोलाचा वाटा. अनेक सुधारणा उपक्रमांत सक्रिय सहभाग.’

दुसऱ्या उमेदवाराच्या रेझ्युमेत वर गुणवर्णनाचा चौकोनच नाही. त्यात लिहिले आहे: ‘मशीन शॉपच्या एका लाइनवर दोन शिफ्टची तपासणी. दोन वर्षांत ग्राहकाच्या तक्रारींवरचे ११ एट-डी अहवाल लिहिले. त्यांपैकी ९ पहिल्याच वेळी मान्य झाले. बोअर मोठा येण्याच्या तक्रारीत असे आढळले की, टूल बदलल्यावर निघणारा पहिला भाग रात्रपाळीत मोजला जात नव्हता. टूल बदलाची एक पानी नोंद मराठीत तयार केली, दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना ती भरायला शिकवली आणि सहा महिने दर आठवड्याला तपासली. ग्राहकाकडून परत येणारे भाग हजारी ६ वरून २ वर आले. हीच नोंद आता शेजारच्या दोन लाइनवर वापरात आहे.’

एट-डी म्हणजे तक्रारीचे उत्तर देण्याची आठ टप्प्यांची पद्धत. फोर्ड कंपनीने १९८०च्या दशकात ती रूढ केली आणि आज वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत ती सर्रास वापरली जाते. गट ठरवणे, अडचण नेमकी मांडणे, सदोष माल तात्पुरता अडवणे, मूळ कारण शोधणे, उपाय निवडणे, तो लागू करणे, पुन्हा तसे होऊ नये म्हणून बंदोबस्त करणे आणि शेवटी गटाच्या कामाची दखल घेणे, असा तिचा क्रम आहे. हा क्रम माहीत असला की दुसऱ्या उमेदवाराची ओळ किती टप्प्यांना स्पर्श करते हे दिसते. तीन गुणांसाठी मात्र या दोन मजकुरांकडे वेगवेगळ्या प्रश्नांनी पाहावे लागते.

संवाद: कोणाला, कशासाठी, काय बदलले

संवादकौशल्य म्हणजे अस्खलित बोलणे असा समज असतो. कामाच्या ठिकाणी त्याची परीक्षा वेगळी असते: ज्याला माहिती हवी होती त्याला ती समजली का, आणि ती समजल्यामुळे पुढची गोष्ट घडली का. म्हणून रेझ्युमेत तीन गोष्टी शोधाव्यात. मजकूर किंवा सांगणे कोणासाठी होते, त्याचे रूप कोणते होते, आणि ते मिळाल्यावर समोरच्याने काय केले.

दुसऱ्या उमेदवाराच्या ओळीत या तिन्ही गोष्टी दोनदा येतात. एट-डी अहवालाचा वाचक ग्राहक कंपनीचा क्वालिटी विभाग असतो. कारण नीट सिद्ध झाले नसेल किंवा उपाय मोघम असेल, तर तो अहवाल परत पाठवतो. ११ पैकी ९ अहवाल पहिल्याच वेळी मान्य होणे याचा अर्थ असा की, कारखान्यात काय घडले हे बाहेरच्या चिकित्सक वाचकाला पटेल असे या व्यक्तीला लिहिता येते. टूल बदलाच्या नोंदीचा वाचक वेगळा आहे. रात्रपाळीत मशीनपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरसाठी ती एका पानात आणि मराठीत केली आहे. एकच माणूस दोन वाचकांसाठी दोन वेगळी रूपे निवडतो, हा संवादाचा भक्कम पुरावा आहे. ‘उत्तम संवादकौशल्य’ या शब्दांतून यातले काहीच कळत नाही. ‘तक्रारी हाताळल्या’ यातूनही तक्रारी फक्त पुढे पाठवल्या की त्यांची उत्तरे लिहिली, हे समजत नाही.

रेझ्युमे हा स्वतःच लेखनाचा नमुना आहे, असे अनेकदा म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे. महत्त्वाचे काम वर आहे का, एका ओळीत एकच गोष्ट सांगितली आहे का, बाहेरच्या माणसाला न कळणारी आधीच्या कारखान्यातली लघुरूपे तशीच ठेवली आहेत का, यावरून वाचकाचा विचार करण्याची सवय दिसते. पण या निकषाला मर्यादा आहेत. रेझ्युमे तयार करून देणारे व्यावसायिक असतात, तयार साचे मिळतात, मित्र दुरुस्त्या करून देतात. शिवाय आपल्याकडे रेझ्युमे बहुधा इंग्रजीत लिहिला जातो, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराची इंग्रजी वाक्यरचना अडखळत असेल तर तेवढ्यावरून त्याला शॉपफ्लोअरवर किंवा बैठकीत नीट सांगता येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. ज्या पदावर इंग्रजीत अहवाल लिहायचे आहेत, तिथे इंग्रजीची छोटी लेखी चाचणी वेगळी घ्यावी. रेझ्युमेतल्या व्याकरणावरून संवादाचे गुण कापू नयेत.

जबाबदारी: काम कुठपर्यंत नेले

‘जबाबदारी सांभाळली’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक म्हणजे पदाने सोपवलेली जबाबदारी, आणि दुसरी म्हणजे काम आपले मानून ते शेवटपर्यंत नेण्याची वृत्ती. पहिली नेमणूकपत्रातून मिळते, त्यामुळे तिच्यावरून माणसाविषयी फारसे कळत नाही. दुसरी ओळखण्यासाठी कामाची साखळी पाहावी लागते: अडचण दिसण्यापासून ती पुन्हा उद्भवत नाही याची खात्री होईपर्यंत उमेदवार कुठल्या टप्प्यांवर हजर होता.

बहुतेक कामे मधेच सुटतात. सदोष माल अडवला, शंभर टक्के तपासणी लावली, ग्राहक शांत झाला, आणि विषय तिथेच संपला, असे कारखान्यात नेहमी घडते. त्यापुढचे टप्पे कंटाळवाणे असतात आणि त्यांसाठी कोणी शाबासकी देत नाही. म्हणूनच दुसऱ्या रेझ्युमेतले ‘सहा महिने दर आठवड्याला तपासली’ हे शब्द मोलाचे आहेत. नवी नोंद सुरू करणे सोपे असते. तिसऱ्या आठवड्यात रकाने रिकामे राहू लागतात, किंवा शिफ्ट संपताना सगळे आकडे एकदम भरले जातात, आणि तेव्हा कोणीतरी परत जाऊन विचारावे लागते. काम आपले मानणारा माणूस या टप्प्यावर ओळखू येतो.

जबाबदारीचा पुरावा शोधताना क्रियापदे नीट वाचावीत. ‘सहभाग’, ‘मोलाचा वाटा’, ‘मदत’, ‘समन्वय’ या शब्दांमागे मोठे कामही असू शकते आणि केवळ बैठकीतली उपस्थितीही. ‘आढळले’, ‘तयार केली’, ‘शिकवली’, ‘तपासली’ या शब्दांमागे एक विशिष्ट कृती असते. पण इथे उलट बाजूची चूकही टाळायला हवी. ‘आम्ही’ लिहिणारा उमेदवार कमी जबाबदार असतो असे नाही. गटाने केलेल्या कामाचे श्रेय गटाला देणे हा प्रामाणिकपणा असू शकतो. अशा ओळीला कमी गुण देण्याऐवजी तिच्यापुढे प्रश्न लिहावा: यातला तुमचा भाग कोणता?

आकड्यांबाबतही सावधपणा हवा. ‘रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी’ हे वाक्य ठोस वाटते, पण त्यात पाया नाही. महिन्याला ५ भाग नाकारले जात होते ते ३ झाले, तरी घट ४० टक्केच होते. वर्षाला २,००० नाकारले जात होते ते १,२०० झाले, तरीही तेवढीच. पहिल्या बाबतीत दोन भागांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. आकडा वाचताना तो कशाचा आहे, कुठून कुठे आला, किती काळातला आहे आणि त्याच काळात आणखी काय बदलले, हे चार प्रश्न विचारावेत. मशीन नवे आले असेल किंवा कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला असेल, तर घट झाली हे खरे असूनही तिचे श्रेय उमेदवाराचे नसते. दुसऱ्या रेझ्युमेतला ‘हजारी ६ वरून २’ हा आकडा लहान दिसतो, पण तो कशाचा आहे हे कळते आणि त्याच्या मागची कृतीही सांगितलेली आहे. तरी या आकड्यामागे एकूण किती भाग होते आणि नेमका काळ कोणता, हे मुलाखतीत विचारावे लागेलच.

पुढाकार: सुरुवात कोणी केली

पुढाकाराची खूण कामाच्या सुरुवातीला सापडते. काम सांगण्याआधी सुरू झाले का, सांगितलेल्या कामाच्या हद्दीबाहेर गेले का, आणि ते करताना काही अडथळा ओलांडावा लागला का, हे तिथे पाहायचे. उदाहरणातल्या उमेदवाराला तक्रारीचे उत्तर लिहिण्याचे काम दिलेलेच होते, म्हणून मूळ कारण शोधणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तेवढ्यावरून पुढाकाराचे पूर्ण गुण देता येत नाहीत. ऑपरेटरसाठी नोंद तयार करून ती शिकवणे त्याच्या पुढचे पाऊल आहे, पण तेही वरिष्ठांच्या सूचनेवरून झाले असू शकते. रेझ्युमे याबद्दल गप्प आहे.

त्या रेझ्युमेतला पुढाकाराचा सर्वांत चांगला संकेत शेवटच्या वाक्यात आहे: नोंद शेजारच्या दोन लाइनवर वापरात आहे. दुसऱ्यांनी उचललेली गोष्ट सहसा उपयोगाची असते. पण ती तिथपर्यंत उमेदवाराने नेली की कारखान्याच्या प्रमुखांनी आदेश काढला, हे वाक्यावरून कळत नाही. म्हणून इथे तात्पुरते गुण द्यावेत आणि मुलाखतीसाठी प्रश्न राखून ठेवावा.

अनेक कारखान्यांत कायझेन योजना असते. कामगार आणि अभियंते यांनी सुधारणा सुचवायच्या, आणि काही ठिकाणी दर महिन्याला अमुक इतक्या सूचना द्याव्यात असे ठरवूनही दिलेले असते. अशा ठिकाणचा ‘५० कायझेन सादर’ हा आकडा पुढाकाराविषयी थोडेच सांगतो, कारण सूचना देणे हेच तिथे नेमून दिलेले काम असते. त्यांपैकी किती अमलात आल्या आणि एक वर्षानंतर किती टिकल्या, याला अर्थ आहे. खरा पुढाकार ओळखताना परिणामाकडेही पाहावे लागते. अर्धवट सोडलेल्या दहा उपक्रमांची यादी असेल आणि त्यांतला एकही पूर्णत्वाला गेल्याची नोंद नसेल, तर सुरुवात करण्याची हौस आहे एवढेच सिद्ध होते.

गुण देण्याची रीत

हे सगळे वाचन मनातल्या मनात केले तर पहिल्या छापाचा प्रभाव टाळता येत नाही. म्हणून थोडी लेखी शिस्त लागते. रेझ्युमे हाती घेण्यापूर्वी विभागप्रमुखाला दोन-तीन खरे प्रसंग विचारावेत: या पदावर संवाद कमी पडल्याने कधी नुकसान झाले, आणि कोणी काम आपले मानल्यामुळे कधी वाचले. प्रसंगांतून कामाच्या गरजा काढण्याची ही रीत जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये सविस्तर मांडली होती. वरच्या कारखान्यात विभागप्रमुख कदाचित सांगेल की, दिवसपाळीत अडवलेला माल रात्रपाळीला निरोप न मिळाल्याने पाठवला गेला. मग या पदासाठी संवाद म्हणजे काय हे स्पष्ट होते आणि रेझ्युमेत काय शोधायचे तेही ठरते.

त्यानंतर शून्य ते तीन अशी साधी मोजपट्टी पुरते. गुणाविषयी काहीच नोंद नसेल किंवा केवळ विशेषण असेल, तर शून्य. नेमून दिलेल्या कामाचा उल्लेख असेल, तर एक. उमेदवाराची स्वतःची विशिष्ट कृती दिसत असेल, तर दोन. कृती आणि पडताळता येईल असा परिणाम किंवा टिकलेली वस्तू दिसत असेल, तर तीन. प्रत्येक गुणापुढे ज्या ओळीवरून तो दिला ती ओळ उतरवून ठेवावी. ओळ सापडली नाही तर गुणही देऊ नये. गुणवर्णनाचा चौकोन वाचताना झाकून ठेवावा, सगळ्या रेझ्युमेंमध्ये आधी एकच गुण तपासावा आणि मग पुढच्याकडे वळावे. दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि जिथे एकापेक्षा जास्त अंतर पडेल तिथेच चर्चा करावी.

या रीतीने पहिल्या उमेदवाराला संवादासाठी एक, जबाबदारीसाठी एक आणि पुढाकारासाठी शून्य गुण मिळतात. दुसऱ्याला अनुक्रमे तीन, तीन आणि दोन. या फरकाचा अर्थ जपून लावायला हवा. पहिला उमेदवार कमी कुवतीचा आहे असे यावरून ठरत नाही, त्याने पुरावा दिलेला नाही एवढेच ठरते. शून्य म्हणजे ‘माहीत नाही’. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतील तर त्याला मागे ठेवणे रास्त आहे. अर्ज कमी असतील तर त्याला एक छोटी प्रश्नावली पाठवता येते: एका तक्रारीचे उदाहरण द्या, तुम्ही स्वतः काय केले, परिणाम कसा मोजला आणि याला कोण दुजोरा देऊ शकेल. आतापर्यंत कोणी न विचारल्यामुळे दडलेले काम अशा चार ओळींतून बाहेर येते.

नवख्या उमेदवारांना हीच पट्टी लावताना पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो. कॉलेजच्या प्रकल्पात कोणता भाग स्वतः केला, प्रशिक्षणार्थी असताना कोणती नोंद किंवा रेखाटन मागे ठेवले, घरच्या दुकानाचा हिशेब किंवा गावातल्या मंडळाचा जमाखर्च किती वर्षे सांभाळला, हेही कामच आहे. छोट्या वर्कशॉपमधून आलेल्यांकडे आकडे नसतात, कारण तिथे कोणी मोजत नाही. त्यांच्या बाबतीत कृतीचा तपशील आकड्याची जागा घेऊ शकतो. काहींना गोपनीयतेच्या करारामुळे ग्राहकाचे नाव किंवा उत्पादनाचे आकडे लिहिता येत नाहीत, आणि तेवढ्यासाठी त्यांचे गुण कापणे अन्यायाचे ठरते.

कागदावरून मुलाखतीकडे

ठोस दिसणारी ओळही फुगवलेली असू शकते. तिची काही चिन्हे कागदावरच दिसतात. कामाचा आवाका आणि पद यांचा मेळ बसत नाही, एका वर्षाच्या नोकरीत तीन वर्षांचे परिणाम सांगितलेले असतात, सगळे आकडे गोल असतात, किंवा परिणाम मोठा असून त्याकडे नेणारी कृती कुठेच नसते. यांतले एखादे चिन्ह म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे, पण मुलाखतीत तिथेच थांबून विचारायला हवे.

दुसऱ्या उमेदवारासाठी असे प्रश्न तयार होतात. जे दोन अहवाल परत आले त्यांत काय कमी होते? रात्रपाळीत पहिला भाग मोजला जात नाही हे कसे कळले? ऑपरेटरनी नोंद भरायला नकार दिला तेव्हा काय केले? शेजारच्या लाइनवर ती कोणी नेली? ज्याने काम केले आहे तो या प्रश्नांवर तपशिलात शिरतो. गेज कुठे ठेवला होता, नव्या टूलचा ऑफसेट कोण टाकत असे, कोणत्या रकान्यावरून वाद झाला, हे तो न थांबता सांगतो आणि न जमलेल्या गोष्टीही सांगतो. ज्याने ते काम केवळ पाहिले किंवा ऐकले आहे, त्याची उत्तरे पद्धतीच्या व्याख्येकडे वळतात. पूर्वीच्या वरिष्ठांकडे चौकशी करतानाही ‘माणूस कसा आहे’ असे विचारू नये, कारण उत्तरात पुन्हा विशेषणेच मिळतात. ती नोंद कोणी सुरू केली आणि ती आजही चालू आहे का, असे विचारावे.

मुलाखतीनंतर रेझ्युमेवरून दिलेले गुण बदलू शकतात, आणि बदल कोणत्या उत्तरामुळे झाला तेही त्याच तक्त्यात लिहून ठेवावे. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो तक्ता प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिला, तर रेझ्युमेतल्या कोणत्या प्रकारच्या ओळींनी खरा अंदाज दिला आणि कोणत्या ओळींनी फसवले हे त्या कारखान्यापुरते तरी समजते, आणि पुढच्या भरतीच्या वेळी मोजपट्टी त्यानुसार दुरुस्त करता येते.